काळी पडलेली सुपारी

एमएस्सीला असताना आम्ही अडकित्त्याचा होलोग्राम, म्हणजे लेसरने टिपलेलं त्रिमितीय चित्र, केला. त्यासाठी फिल्मसारखा लेप दिलेली काच वापरतात. धुऊन वाळवलेली ती काच मित्राने दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, "कोरीच आहे रे." खरंच, करड्या धुरकट काचेवर अडकित्ता कुठेच नव्हता. एक-दोन गोल वेटोळी दिसत होती, पण ती वाटेतल्या आरशावर बसलेल्या धुळीची. अडकित्त्याची नोंद त्याहून कितीतरी बारीक होती. तीच काच लेसरच्या उजेडात, मूळच्याच कोनात धरली आणि काचेमागे वीतभर अंतरावर, हवेतच, अडकित्ता उभा राहिला.

काचेवर चित्र नसताना हे कसं होतं?

कॅमेऱ्याचं भिंग काढून टाका आणि नुसती फिल्म वस्तूसमोर धरा. फिल्म सगळीकडे सारखीच काळवंडेल. कारण सरळ आहे. फिल्मवरच्या प्रत्येक ठिपक्यावर वस्तूच्या सगळ्याच बिंदूंकडून प्रकाश येतो, आणि फिल्मला कळतं फक्त किती प्रकाश आला ते. तो कुठून आला हे तिला कळत नाही. ही माहिती असते लहरीच्या कलेत, म्हणजे लहर त्या जागी शिखरावर आहे की दरीत, यात. पण तांबड्या लेसरची लहर सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी वेळा वरखाली होते. एवढ्या वेगाची नोंद कुठलीच फिल्म करू शकत नाही. तिच्याकडे उरते ती सरासरी.

यावरचा उपाय म्हणजे त्याच लेसरची दुसरी शलाका फिल्मवर सोडायची. बीम स्प्लिटरने लेसरचे दोन भाग करतात. एक वस्तूवर आपटून विखुरतो आणि काचेवर येतो, ती वस्तू शलाका. दुसरा आरशांवरून थेट काचेवर येतो, ती संदर्भ शलाका. काचेवर जिथे दोघींची शिखरं जुळतात तिथे उजेड पडतो आणि जिथे एकीच्या शिखरावर दुसरीची दरी येते तिथे अंधार. दोन्ही लहरी एकाच लेसरमधून निघालेल्या असल्यामुळे त्यांच्यातला मेळ टिकून राहतो आणि उजेड-अंधाराचे हे पट्टे जागचे हलत नाहीत. धावती कला अशी स्थिर पट्ट्यांच्या रूपात फिल्मच्या हाती लागते. यालाच व्यतिकरण म्हणतात.

अडकित्ता बाजूला ठेवू आणि वस्तूचा एकच बिंदू घेऊ. तो काचेच्या मध्यासमोर २० सेंटिमीटरवर आहे, आणि संदर्भ शलाका काचेवर सरळ, लंब पडते आहे. काचेवर एकाभोवती एक अशी वर्तुळं उमटतील. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर धरली तर मधल्या तेजस्वी ठिपक्यानंतरचं पहिलं कडं मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर येतं आणि शंभरावं साधारण ५ मिलिमीटरवर. तिथे शेजारच्या दोन कड्यांत २५ मायक्रॉन अंतर असतं. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर गेलं की ते २.६ मायक्रॉनवर येतं. म्हणजे बिंदूकडून आलेला प्रकाश काचेवर जितका तिरका, तितके तिथले पट्टे दाट. पट्ट्यांच्या दाटीतच दिशा लिहिली गेली आहे.

आता बिंदू काढून टाका आणि धुतलेल्या काचेवर फक्त संदर्भ शलाका सोडा. दाट पट्ट्यांमधून जाणारा प्रकाश वळतो. हे विवर्तन. पट्टे जितके दाट तितकं वळण जास्त. २.६ मायक्रॉनच्या पट्ट्यांवर ते १४ अंश भरतं. आणि बिंदूचा प्रकाश त्या जागी पडला होता तोही याच, १४ अंशांच्या कोनात. काचेवरच्या प्रत्येक जागी हा हिशोब असाच जुळतो. त्यामुळे काचेतून बाहेर पडणारे किरण मागे वाढवले तर ते सगळे काचेमागे २० सेंटिमीटरवर, एकाच जागी मिळतात. बिंदू तिथे नाही, पण प्रकाश तिथूनच निघाल्यासारखा येतो, आणि डोळ्याला फरक कळायचा काही मार्गच नाही.

अडकित्ता म्हणजे असे लाखो बिंदू. प्रत्येकाची कडी काचभर पसरतात आणि एकमेकांवर चढतात. बिंदूंचं आपापसातही व्यतिकरण होतं आणि त्याने चित्रात गढूळपणा येतो, म्हणून संदर्भ शलाका वस्तूच्या प्रकाशाच्या तीन-चार पट प्रखर ठेवायची.

चित्राला खोली येते ती यातूनच. डावा डोळा काचेच्या एका भागातून बघतो, उजवा दुसऱ्या. त्या दोन भागांत एकाच बिंदूच्या दोन वेगळ्या दिशा नोंदलेल्या असतात. डोकं हलवलं तर तिसरा भाग समोर येतो. काच म्हणजे खिडकीच. म्हणूनच काच फुटली तरी तुकड्यात सबंध वस्तू दिसते, फक्त खिडकी लहान होते, हलून बघायला जागा कमी उरते आणि बारकावे पुसट होतात. (स्टेजवर तिरक्या पडद्यावर उभे केले जाणारे 'होलोग्राम' नेते आणि गायक यात बसत नाहीत. त्यांच्या मागे डोकावून बघता येत नाही.)

ही युक्ती भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबॉर यांना १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी इथे सुचली. त्यांना सुधारायचा होता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. पण पट्टे प्रकाशाला दोन्हीकडे वळवतात. एका वळणाने मागची प्रतिमा मिळते, तर दुसऱ्याने काचेच्या पुढे तिची जुळी उमटते. गॅबॉर यांच्या सरळ मांडणीत दोन्ही एकाच रेषेत येऊन एकमेकींना बिघडवत. १९६० नंतर मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपातनिएक्स यांनी संदर्भ शलाका तिरकी सोडली, तेव्हा मूळ प्रतिमा, जुळी आणि न वळलेला प्रकाश अशा तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. याची किंमत म्हणजे पट्टे आणखी दाट. दोन शलाकांत ३० अंश असतील तर पट्ट्यांमधलं अंतर १.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरला ८०० हून जास्त रेघा. नेहमीच्या फिल्मला साधारण शंभर रेघा झेपतात, म्हणून होलोग्राफीसाठी फार बारीक कणांच्या लेपाची काच लागते. बारीक कण प्रकाशाला मंद असतात, त्यामुळे काचेवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागतो.

आणि तेवढे सेकंद काही हलता कामा नये. वस्तू फक्त १५८ नॅनोमीटर मागे सरकली तर प्रकाशाची जाऊन-येऊन वाट ३१६ नॅनोमीटरने वाढते, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीने. उजेडाच्या पट्ट्यावर अंधाराचा पट्टा चढतो आणि दोन्ही पुसले जातात. केसाची जाडी याच्या शेकडो पट असते. हे सरकणं डोळ्यांना दिसत नाही, पण होलोग्राममध्ये दिसतं. फोटोत हललेली वस्तू फराटते, इथे ती काळी पडते.

आमच्या अडकित्त्याच्या पात्याला टेकवून एक सुपारी ठेवली होती. अडकित्ता लोखंडी, जड, खाली घट्ट बसवलेला. तो नक्षीसकट उतरला. सुपारीच्या जागी मात्र सुपारीच्याच आकाराचं काळं भोक होतं. शटर उघडताना ती किंचित कलली असावी, किंवा आमच्या श्वासाने.

दुसऱ्या खेपेला सुपारी डिंकाच्या थेंबाने चिकटवली, काच होल्डरमध्ये बसवली आणि अर्धा तास सगळे खोलीबाहेर गेलो. टेबल निवलं, हवा थांबली. मग दाराबाहेरूनच शटर ओढलं. ती काच अजून माझ्याकडे आहे. समोरून बघितलं तर सुपारी अर्धी पात्याआड असते. मान उजवीकडे नेली की सबंध दिसते.