कांद्याची रिंग आणि फुटणारा शब्द

कांद्याचे भाव पडले की नाशिक जिल्ह्यात ‘रिंग झाली’ हा आरोप ठरलेलाच. रिंग म्हणजे खरेदीदारांनी एकमेकांवर बोली न चढवण्याचे ठरवणे. ती कशी होते, हे लिलावाला उभा राहिलेल्याला सांगायला नको. ती टिकत का नाही, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

कल्पित हिशेब घ्या. पाच व्यापारी, क्विंटलमागे 1000 रुपयांच्या वर जायचे नाही असे ठरलेले. खर्च वजा जाता त्यांना तोच कांदा 1300 ला सुटतो. प्रत्येकाच्या वाट्याला 400 क्विंटल, म्हणजे 1 लाख 20 हजारांचा नफा. एकाने 1050 ची बोली लावून 1200 क्विंटल उचलला, तर त्याला त्या दिवशी 3 लाख मिळतात. दुसऱ्या दिवशी बाकीचेही चढतात आणि भाव 1250 वर जातो. आता त्याच 400 क्विंटलवर जेमतेम 20 हजार. म्हणजे एकदाच 1 लाख 80 हजार जास्त, नंतर रोज 1 लाखाचा तोटा. हंगाम लांब असेल तर शब्द पाळणेच परवडते. लाल कांद्याची आवक संपायला दोन दिवस उरले असतील, तर फितुरी फायद्याची.

त्यातही फितुरी लगेच कळली, तरच शिक्षा होते. उघड लिलाव शेतकऱ्याच्या भल्यासाठी, पण तिथे कोण किती चढला हे सगळ्यांना ऐकू जाते, म्हणून रिंगची राखणही तोच करतो. 2016 मध्ये राज्याने बाजार आवाराबाहेरची फळे-भाजीपाल्याची खरेदी नियमनमुक्त केली. खळ्यावर कोणी काय भाव दिला हे इतरांना दिसेना. दिसला तरी माल उजवा होता की शब्द मोडला, हे ठरवणे अवघड. बारीक गोल्टी कांदा आणि निवडक मालाचा भाव एक नसतोच.

खरा गुंता ‘करार’ या शब्दाचा. 2002 च्या स्पर्धा कायद्यात करार म्हणजे लेखी कागद नव्हे. तोंडी समजूत किंवा संगनमताने केलेली कृतीही त्यात येते. पण एकाच आवारात, एकाच दिवशी, सारख्याच मालाला सारखा भाव लागला, एवढ्याने समजूत सिद्ध होत नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याची बोली ऐकून आपापलीच बोली लावली असेल, तर तो करार नव्हे. शेतकऱ्याला ही पळवाट वाटते आणि त्याचे फारसे चुकत नाही. तपासाला म्हणून भावाखेरीज काहीतरी लागते: फोन, बैठक, आपसात वाटून घेतलेला माल.

तो पुरावा आतूनच यावा, अशी सोय 2009 च्या नियमांत झाली. मोलाचा पुरावा घेऊन पहिल्याने कबुली दिली, तर त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. दुसऱ्याला सवलत निम्म्यापर्यंतच. आता 1050 ची बोली लावणाऱ्याइतकीच भीती आधी जाऊन बोलणाऱ्याचीही असते.