वारसा भाषा : तीन पिढ्यांतील ऱ्हास

घरात आईवडिलांकडून कानावर आलेली, पण शाळेच्या आणि रस्त्यावरच्या भाषेपुढे मागे पडलेली भाषा म्हणजे वारसा भाषा. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत ती साधारण तीन पिढ्यांत विझते. पहिली पिढी ती बोलते, दुसरीला ती समजते, तिसरीकडे मोजके शब्द उरतात. येथे हा क्रम अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या आधारे पाहिला आहे.

तीन पिढ्या म्हटल्या की भाषा तिसऱ्या पिढीत हरवते असे वाटते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या पिढीच्या बालपणीच हातून सुटते, बहुधा वयाच्या चौथ्या ते आठव्या वर्षांदरम्यान, आणि ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आई विचारते, ‘‘मोजे कुठे टाकलेस?’’ मूल उत्तर देते, ‘‘अंडर द बेड.’’ मोजे सापडतात, संवाद पार पडतो, म्हणून कुणाला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. पण मुलाने एकही मराठी वाक्य स्वतः रचलेले नसते. ऐकून समजणे आणि बोलता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. जी भाषा मुलाने कधी बोललीच नाही, ती पुढे त्याच्या तोंडून त्याच्या मुलाच्या कानावर जाणार नाही.

अमेरिकेतील मराठी वस्ती प्रामुख्याने 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर वाढली. आधी डॉक्टर, अभियंते आणि संशोधक गेले. 1990 नंतर संगणक क्षेत्रातील लोक मोठ्या संख्येने गेले. ही मंडळी निघतानाच इंग्रजीत सराईत होती. इटली किंवा मेक्सिकोहून गेलेल्या अनेक आईवडिलांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे मुलांना घरची भाषा बोलावीच लागे. मराठी घरात ती गरज नव्हती. शिवाय कुटुंबे उपनगरांत विखुरलेली, त्यामुळे वाण्याच्या दुकानात किंवा शेजारी मराठी बोलावी लागेल अशी वस्ती क्वचितच. रुबेन रूम्बाउट, डग्लस मॅसी आणि फ्रँक बीन यांनी 2006 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील स्थलांतरितांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्पॅनिश सुमारे तीन पिढ्या तग धरते, तर आशियाई भाषा त्याहून लवकर संपतात असे दिसले.

एका प्रातिनिधिक कुटुंबात हे कसे घडते ते पाहू. 1992 मध्ये नाशिकचे एक जोडपे न्यू जर्सीत आले. वडील कामाच्या व्हिसावर आणि आई अवलंबितांच्या व्हिसावर, ज्यावर त्या काळी नोकरी करता येत नसे. 1994 मध्ये मुलगी झाली. चार वर्षे ती दिवसभर आईजवळ राहिली आणि स्वच्छ मराठी बोलू लागली. ग्रीनकार्ड मिळाल्यावर आई नोकरीला लागली, त्याच सुमारास मुलगा जन्मला आणि सहाव्या महिन्यात पाळणाघरात गेला. त्याची ताई पाच वर्षांची होऊन शाळेत जाऊ लागली आणि वर्षभरात घरी इंग्रजी घेऊन आली. भावाशी ती इंग्रजीत खेळली, इंग्रजीत भांडली. परिणामी मुलीला मोडकी का होईना मराठी बोलता येते, आणि त्याच घरातल्या मुलाला ती फक्त समजते. थोरले मूल बोलके आणि धाकटे मुके, हा फरक अनेक घरांत दिसतो. म्हणून एखाद्या घरात भाषा टिकेल का हे जोखायचे असेल तर आईवडील मुलांशी काय बोलतात ते पाहून भागत नाही; मोठे नसताना भावंडे आपसांत कोणत्या भाषेत भांडतात ते ऐकावे.

दुसऱ्या पिढीतील मराठी म्हणजे नुसती कमी शब्दांची मराठी नव्हे. तिचा साचाच बदलतो. सर्वांत आधी सामान्यरूप ढासळते : ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’, ‘पाण्यात’ऐवजी ‘पाणीत’. मग नपुंसकलिंग डळमळते आणि ‘माझा घर’ ऐकू येते. ‘मी पोळी खाल्ली’ या रचनेत क्रियापद पोळीप्रमाणे चालते हे न कळल्याने ‘मी पोळी खाल्लो’ असे होते. ‘मी विसरलो’, ‘मी शिकलो’ ही बरोबर रूपे मुलाने ऐकलेली असतात, तेव्हा त्यातही एक तर्क आहेच. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद पुसला जातो आणि ऐकणाऱ्यालाही सोबत न्यायचे असताना मूल ‘आम्ही जाऊया का?’ म्हणते. ‘मला थंडी वाजते’ याची जागा ‘मी थंड आहे’ घेते. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्या आंटी होतात.

या चुकांना हसणे हा भाषा बंद पाडण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे. भारतभेटीत चुलत भावंडे खळखळून हसली की दहा वर्षांचे मूल पुढच्या वाक्याला इंग्रजीकडे वळते आणि पुष्कळदा परत येत नाही. मूल चुकीचे मराठी बोलत असेल, तर ते अजून मराठी बोलत आहे.

बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा अनेक शहरांत स्वयंसेवक पालक चालवतात. त्यांचे कष्ट खरे आहेत, पण गणितही खरे आहे. आठवड्याला दोन तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर साठ तास होतात. अमेरिकी शाळेचे दिवस वर्षाला सुमारे 180. रोज सहा तास धरले तर हजाराहून अधिक तास इंग्रजीचे. साठ तासांत देवनागरी लिपी येते, श्लोक पाठ होतात, गणेशोत्सवातले नाटक बसते. घरात बोलणे नसेल तर त्यातून बोली भाषा उभी राहत नाही. भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी 1991 मध्ये मांडलेला मुद्दा हाच : घरातल्या पिढीकडून पिढीकडे होणारे हस्तांतर तुटले, तर शाळा आणि संस्था ते भरून काढू शकत नाहीत. आजीचा मुक्काम मात्र परिणाम करतो, विशेषतः तिला इंग्रजी येत नसेल तर. पर्यटक व्हिसावर ती सहसा सहा महिने राहते. त्या काळात मुलाची वाक्ये लांबतात, आणि ती परतल्यावर काही आठवड्यांत पुन्हा आखडतात.

वरच्या कुटुंबातील मुलीने तेलुगू घरातल्या मुलाशी लग्न केले. दोघांची सामाईक भाषा इंग्रजी. त्यांच्या मुलाला आजी, आजोबा, वरणभात, पोळी, गाईगाई, शी, बाप्पा हे शब्द येतात. हा साठा सगळीकडे जवळपास सारखाच असतो : नाती, जेवण, देव आणि बाळाशी बोलण्याचे शब्द. त्यात क्रियापदे जवळजवळ नसतात, म्हणून त्यातून वाक्य होत नाही.

भाषा गेली म्हणजे ओळखही गेली असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांचे वंशज आज घरी बहुतांशी क्रिओल बोलतात. तरीही तेथे मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि आरत्या मराठीत होतात. 1948 नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल या कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजातही म्हाताऱ्यांची मराठी आणि नातवंडांची हिब्रू असेच चित्र आहे. मलिदा हा नवसाचा विधी आणि त्याचे नाव मात्र त्यांनी जपले आहे.