घंटा जोडून होत नाही

"खान्देशातल्या पद्मालयच्या देवळातली एवढी मोठी घंटा एका ओतात कशी होईल? दोन अर्धे भाग ओतून सांधले असतील ना?"

नाही. घंटेचं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. ते कडक आणि ठिसूळ असतं, घणाखाली जुळत नाही. सांधा राहिला तर नाद तिथेच मरतो.

मोठ्या घंटेसाठी खड्ड्यात आधी मातीचा गाभा रचतात. माती, शेण आणि भाताचं तूस मळून थर देतात. त्यावर घंटेच्या जाडीचा मेणाचा किंवा मातीचा थर, वर बाहेरचा साचा. मेण वितळवून काढतात. थर मातीचा असेल, तर बाहेरचा साचा उचलून तो थर खरवडतात. उरलेल्या पोकळीत धातू जातो.

साचा पुरायचा कशाला? वितळलेल्या काशाच्या एक मीटर उंचीचा दाब तळाशी, तळहाताएवढ्या 100 चौरस सेंटिमीटरवर, सुमारे 85 किलो पडतो. उघडा साचा फुटेल, म्हणून भोवती कोरडी माती थराथराने ठोकतात. खान्देशातली काळी माती इथे घातकच, कारण ती ओल धरून ठेवते. साच्यात ओल राहिली की वाफ होऊन धातू उसळतो, निदान आत पोकळ्या तरी राहतात.

एका भट्टीत मावत नसेल, तर अनेक भट्ट्यांचा रस एकाच पन्हाळीतून, न थांबता सोडतात. धार तुटली की आधीच्या रसावर साय धरते आणि नंतरचा त्यात मिसळत नाही. तयार घंटा लाकडी मोगरीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर रस न मिसळल्याची तीच खूण.

तोफाही अशाच खड्ड्यात ओतत. तोफेचा साचा बहुधा तोंड वर करून उभा पुरत. वर जादा धातू ठेवत, म्हणजे थिजताना आकसणारी जागा तो भरून काढी. मग तो भाग कापून टाकत.