बालकोपरा (समारंभातील)

लग्नकार्यात किंवा परिषदेत काही तास मुले सांभाळण्यासाठी राखलेली, देखरेखीची जागा. पाळणाघराहून तिचे वेगळेपण असे, की पालक त्याच आवारात असतात आणि सांभाळणाऱ्यांना मुले त्या दिवसापर्यंत अनोळखी असतात. चित्रे, मातीकाम, गोष्टी हे ओघाने आलेच.

उगमाविषयी दोन मते दिसतात. एक मत तो गिरण्यांच्या पाळणाघरांशी जोडते. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्ये निघाली, हे त्याला पूरक वाटते. मात्र पाळणाघराची कायदेशीर सक्ती पुढची आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 नुसार तीसहून अधिक स्त्री-कामगार असल्यास (1976 पूर्वी पन्नासहून अधिक) सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली द्यावी लागे. दुसरे मत 1893 च्या शिकागो प्रदर्शनातील बालभवनाकडे बोट दाखवते. तेथे माता मूल सोपवून प्रदर्शन पाहत. गिरणीत आई रोजची ओळखीची, प्रदर्शनात अनोळखी. मूल परत देण्याची नोंद या दुसऱ्या स्थितीतच अपरिहार्य होते, म्हणून हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

सोपवणीची रीत : एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले असतात. एक मुलाच्या पाठीवर, त्याच्या हाताला लागणार नाही असा, दुसरा पालकाकडे. वहीत वेळ, पालकाचा मोबाइल, मूल कोणाकडे द्यायचे ते आणि घरात हाक मारायचे नाव लिहितात. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले एकत्र येतात. कागदावरच्या नावाला ओ न देणारे तीन वर्षांचे मूल ‘चिन्नी’ म्हणताच वळते. नाव बिल्ल्यावर लिहीत नाहीत, कारण ते वाचून कोणीही ओळखीचा होऊ शकतो.

चूक बहुधा अक्षता पडल्यावर होते. उदा., 12:35 चा मुहूर्त. 12:45 ला जेवणाच्या पंगतीसाठी सगळे एकदम दाराशी. त्यात एकजण म्हणतो, ‘मी मामाच आहे की तिचा!’ मुलगीही ‘मामा’ म्हणून झेपावते. बिल्ला नाही, वहीत त्याचे नाव नाही. अशा वेळी त्याने दिलेल्या नव्हे, वहीतल्या क्रमांकावर आईला फोन करतात, आणि ती होकार देईपर्यंत मुलगी आतच. मुलाने ओळखले म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. पाहुण्यांना हे लागते, म्हणून यजमानाने आधीच सांगून ठेवलेले बरे. नेल्याची सही व वेळ लगेच घेतात. मागाहून भरलेली वही एकाच शाईतल्या, एकसारख्या वेळांवरून ओळखू येते.

जागेला एकच दार असावे. मे महिन्यातल्या लग्नात पत्र्याखालचा मांडव टाळून कूलर व पिण्याचे पाणी असलेली खोली घेतात. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देत नाहीत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. फुटक्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलतात. पहा : पाळणाघर, बालवाडी.