पेमेंट फेल झालं, तरी अ‍ॅप चालू कसं?

सबस्क्रिप्शनचं पेमेंट फेल झाल्याचा मेसेज येतो, आपण अ‍ॅप उघडतो, तर सगळं नेहमीसारखं चालू. यावर दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, ‘चला, हा महिना फुकटात सुटला.’ दुसरी, ‘खात्यात पैसे आहेत, तरी फेल? बँकेचा सर्व्हर डाउन असणार.’ दोन्हींत तथ्य थोडं आणि गैरसमज जास्त. पैसे कापण्याचा प्रयत्न फसला की कंपनीकडे दोन स्वतंत्र घड्याळं सुरू होतात. पैसे पुन्हा कधी मागायचे हे एक घड्याळ ठरवतं, आणि तुमचं खातं कधी अडवायचं हे दुसरं. दोघांची गती वेगळी असते, म्हणून बाहेरून हा प्रकार गोंधळाचा दिसतो.

एक उदाहरण घेऊ. महिना ४९९ रुपयांची सेवा, डेबिट कार्डावर ऑटो-डेबिट, तारीख ५ जून. खात्यात शिल्लक ३१० रुपये. भारतीय कार्डावर अशी कपात रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनुसार होते. सुरुवातीला एकदा ओटीपी देऊन परवानगी नोंदवायची, आणि नंतर प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवायची. त्या सूचनेत कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सक्तीचं झालं, तेव्हा ज्या परदेशी कंपन्यांची तयारी नव्हती त्यांची नूतनीकरणं धडाधड फेल होऊ लागली. जून २०२२ पासून ओटीपीशिवायच्या कपातीची मर्यादा १५,००० रुपये आहे. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ पासून एक लाखापर्यंत सवलत मिळाली. वर्षाचं एकरकमी सबस्क्रिप्शन १५,००० च्या वर गेलं, तर कार्डात कितीही पैसे असोत, ओटीपीशिवाय ते कापलं जाणार नाही.

तर ४ जूनला सूचना आली, आपण नेहमीप्रमाणे वाचली नाही, आणि ५ तारखेला कंपनीने पैसे मागितले. ही मागणी कंपनीच्या बिलिंग यंत्रणेकडून पेमेंट गेटवेकडे, तिथून कंपनीच्या बँकेकडे, मग रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जाते. या प्रवासातला कार्डांचा संदेश आयएसओ ८५८३ या मानकाच्या साच्यात बसवलेला असतो. मानक १९८७ सालचं, पण सांगाडा आजही तोच आहे. फक्त कामाचा भाग ठेवला तर मागणी आणि उत्तर असं दिसतं:

```
0100   DE4=000000049900   DE49=356
0110   DE39=51
```

पहिली ओळ मागणीची. `0100` म्हणजे ‘मंजुरी द्या’, रक्कम पैशांत (४९,९०० पैसे), आणि `356` हा रुपयाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. दुसरी ओळ उत्तराची. त्यात खरी गोम आहे ती ३९ व्या रकान्यातल्या दोन अक्षरांत. `00` आलं तर मंजूर. इथे `51` आलं, म्हणजे पुरेशी शिल्लक नाही.

ही दोन अक्षरं पुढचं जवळजवळ सगळं ठरवतात. `51` हा ‘आत्ता नाही’ असा नकार आहे. पगार झाला की तीच मागणी मंजूर होईल, म्हणून थांबून पुन्हा विचारण्यात अर्थ आहे. `91` म्हणजे तुमची बँक त्या क्षणी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हती. सर्व्हर डाउनची तक्रार फक्त इथे खरी ठरते, आणि काही तासांनी केलेला प्रयत्न बहुधा चालून जातो. `54` म्हणजे कार्डाची मुदत संपली. माहिती बदलल्याशिवाय शंभर वेळा विचारलं तरी उत्तर तेच. `41` म्हणजे कार्ड हरवल्याची नोंद आहे आणि `43` म्हणजे चोरीची. इथे पुन्हा विचारायचंच नाही. व्हिसाच्या नियमात असे काही कोड थेट बंदीच्या यादीत आहेत. जिथे पुन्हा विचारता येतं, तिथेही एका व्यवहारासाठी ३० दिवसांत १५ फेरप्रयत्नांची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की कंपनीच्या बाजूला दंडाचं शुल्क लागतं.

सगळ्यात त्रासदायक कोड `05`. अर्थ एवढाच की ‘मंजूर करू नका’. कारण सांगितलेलं नाही. बँकेच्या फसवणूकविरोधी यंत्रणेला काही खटकलं असेल, ग्राहकाने अ‍ॅपमधून ऑनलाइन व्यवहार बंद ठेवले असतील आणि बँकेने त्यासाठी वेगळा कोड पाठवला नसेल, किंवा आणखी काही. बँका कारण झाकतात यालाही कारण आहे. चोरलेले कार्ड नंबर तपासत बसलेल्या भामट्याला ‘नंबर बरोबर आहे, फक्त शिल्लक कमी आहे’ हे कळणं धोक्याचंच. पण त्यामुळे कंपनीलाही तुम्हाला ‘आपल्या बँकेशी संपर्क साधा’ यापलीकडे काही सांगता येत नाही. ग्राहक सेवेतला माणूस टोलवाटोलवी करतोय असं वाटतं, पण त्याच्या पडद्यावर खरोखर तेवढंच असतं.

रात्री बारा वाजून एक मिनिटाने प्रयत्न केला की पेमेंट हमखास होतं, अशी एक समजूत पसरलेली आहे. शिल्लक ३१० असेल तर मुहूर्त कोणताही काढा, उत्तर `51`च येणार. ‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण दहा वेळा दाबणं तर उलट अंगाशी येतं. एकाच कार्डावर थोड्या वेळात आलेल्या एकामागून एक मागण्या हे चोरीचं कार्ड तपासण्याचं नेहमीचं लक्षण आहे. त्यामुळे शिल्लक भरल्यानंतरही तेवढ्याचसाठी बँक काही काळ `05` देऊ शकते. फेरप्रयत्नांची ‘स्मार्ट’ वेळ शोधून देतो म्हणून गेटवे कंपन्या जी जाहिरात करतात, तिच्यातही गूढ काही नाही. नकाराचा कोड, वार, तास, पगाराचे दिवस आणि त्या बँकेचा पूर्वानुभव यांवरून केलेला तो अंदाज असतो. उपयोगी आहे, पण रिकाम्या खात्यातून पैसे काढण्याची विद्या अजून कोणाकडे नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्यात उत्तरच येत नाही. मागणी गेली, बँकेने पैसे कापले, आणि परतीच्या वाटेवर संदेश हरवला. कंपनीच्या दृष्टीने हा नकार नव्हे, ती अनिश्चितता आहे. आंधळेपणाने नवी मागणी पाठवली तर पैसे दोनदा कापले जातील. म्हणून प्रत्येक मागणीला बिलिंग यंत्रणा एक एकमेव किल्ली जोडते, आणि उत्तर न आल्यास त्याच किल्लीने पुन्हा विचारते. गेटवेने ती किल्ली आधी पाहिलेली असेल तर नवा व्यवहार न करता तो जुन्याचाच निकाल परत देतो. तरीही पैसे कापले गेले आणि कंपनीकडे पोचच नाही असं झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ती मागायला तक्रार करावी लागता कामा नये, असंही त्यात आहे.

आता दुसरं घड्याळ, खात्याचं. आपल्या उदाहरणात कंपनीने सात दिवसांची सवलत ठेवली आहे असं धरू. ५ ते १२ जून अ‍ॅप पूर्ण चालू राहील, वर एक पिवळी पट्टी दिसेल, आणि मागे ८ आणि ११ तारखेला फेरप्रयत्न होतील. ही सवलत म्हणजे तुमचा हक्क नाही, हे लक्षात ठेवावं. विम्यात मासिक हप्त्याला १५ दिवस आणि इतर हप्त्यांना ३० दिवसांची मुदत नियमानेच मिळते. अ‍ॅपच्या बाबतीत तो कंपनीच्या मर्जीचा मामला आहे. अ‍ॅपल आपल्या स्टोअरवरच्या अ‍ॅपना ३, १६ किंवा २८ दिवसांचे पर्याय देतं, आणि सवलत न ठेवण्याची मुभाही. पैसे मागण्याचा अ‍ॅपलचा प्रयत्न मात्र ६० दिवसांपर्यंत चालू राहू शकतो. म्हणजे सेवा बंद झाल्यावर महिन्याभराने पैसे कापले जाणं हा घोटाळा असेलच असं नाही. पहिलं घड्याळ अजून चालू होतं, इतकंच.

महिना फुकट सुटला का, याचं उत्तर पैसे कधी गेले यावर आहे. १० जूनला, सवलतीच्या आत गेले, तर तो महिना ५ जूनपासूनच मोजला जातो आणि पुढची कपात ५ जुलैला. फुकट काही नाही. सवलत संपली, १२ जूनला खातं अडवलं गेलं, आणि पैसे २० जूनला गेले, तर अ‍ॅप स्टोअरच्या पद्धतीत नवा महिना २० जूनपासून सुरू होतो आणि पुढची तारीख २० जुलै होते. इथे सवलतीचे सात दिवस खरोखर पदरात पडले. पण स्वतः बिलं काढणाऱ्या अनेक सेवा ५ तारीख सोडत नाहीत. २० जूनला ४९९ भरायचे, ५ जुलैला पुन्हा ४९९, आणि मधले आठ दिवस सेवा बंद होती ते गेलेच. काहींकडे खातं अडवलेलं असतानाही पुढच्या महिन्याचं बिल निघतं, आणि दोन महिन्यांनी परत आलेल्या ग्राहकासमोर ९९८ रुपयांची थकबाकी उभी राहते. आपली सेवा कोणत्या पद्धतीची आहे ते पैसे भरल्यावर आलेल्या पावतीवरच्या ‘पुढील तारीख’ या ओळीवरून लगेच कळतं. भरण्याआधीच जाणून घ्यायचं तर बिलिंगच्या पानावर थकीत बिलं किती दिसतात ते पाहावं.

अडवलेलं खातं म्हणजे पुसलेलं खातं नव्हे. सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये तुमची यादी तशीच राहते, फक्त काही लागत नाही. साठवणुकीच्या सेवांत जुन्या फायली पाहता आणि उतरवता येतात, नव्या चढवता येत नाहीत. गूगलच्या नियमात मोफत मर्यादेच्या वर सलग दोन वर्षं राहिलात, तर मजकूर काढून टाकला जाऊ शकतो. मुदत प्रत्येकाची वेगळी, म्हणून अशा सेवेतलं पेमेंट अडकलं की कार्ड दुरुस्त करण्याआधी महत्त्वाच्या फायली उतरवून घेतलेल्या बऱ्या.

नवं कार्ड आलं की सगळं आपोआप जुळेल, ही अपेक्षा भारतात चुकीची ठरते. १ ऑक्टोबर २०२२ पासून कंपन्यांना तुमच्या कार्डाचा नंबर साठवता येत नाही. त्यांच्याकडे त्या नंबराऐवजी एक टोकन असतं. कार्ड बदललं की ते पूर्वीच्या कंपन्यांशी पुन्हा जोडायला तुमची स्पष्ट संमती लागते. ती बँकेच्या मेसेजमधून मागितली गेली आणि आपण दुर्लक्ष केलं, तर पुढच्या पाच तारखेला नकार ठरलेला.

सेवा नकोच असेल तर कार्डात पैसे न ठेवणं हा ती बंद करण्याचा मार्ग नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ई-मँडेटची यादी असते, तिथून परवानगी कधीही मागे घेता येते. त्यानंतर कंपनीची मागणी बँकेकडून परत जाते. कार्डांच्या जाळ्यात ग्राहकाने परवानगी काढून घेतल्याचे `R0` आणि `R1` असे वेगळे कोड आहेत आणि त्यावर फेरप्रयत्न निषिद्ध आहे. पण त्यामुळे फक्त पैसे मागण्याचं घड्याळ थांबतं. कंपनीच्या दफ्तरी तुम्ही अजून ग्राहकच असता आणि बिलं निघू शकतात. म्हणून आधी कंपनीच्या पानावर सबस्क्रिप्शन रद्द करायचं, रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवायचा, आणि मगच बँकेतली परवानगी काढायची.