आकड्यांच्या मधलं पाणी

7 ऑगस्ट 1992च्या रात्री ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावरच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळून न्यूयॉर्ककडे निघालं. जहाजावर सुमारे 1,800 प्रवासी होते, जहाजाला वाट दाखवणारा पायलट स्थानिक आणि अनुभवी होता आणि समोर अधिकृत चार्ट, म्हणजे सागरी नकाशा, पसरलेला होता. कटीहंक बेटाच्या दक्षिणेला जहाजाचा मार्ग ज्या उथळावरून जाणार होता, तिथे चार्टवर 39 फूट खोली छापलेली होती. जहाजाचा तळ पाण्यात सुमारे 32 फूट होता. कागदावर सात फूट पाणी शिल्लक होतं, तरी पंचवीसएक नॉट वेगाने जाणारं जहाज रात्री दहाच्या सुमारास खडकाला घासलं. माणसं सगळी वाचली, पण जहाजाचा तळ फाटला. नंतर समुद्रतळ तपासला तेव्हा खडकांवर जहाजाचा लाल रंग लागलेला सापडला. ते खडक चार्टवर नव्हते.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली वेगाची. उथळ पाण्यात जोरात चाललेल्या जहाजाखालून पाणी वेगाने मागे सरकतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली बसतं. याला ‘स्क्वॉट’ म्हणतात. तो साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग निम्मा केला तर स्क्वॉट जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. या जहाजाच्या बाबतीत तो साडेचार ते आठ फूट असावा असा अंदाज निघाला. शिल्लक वाटलेले सात फूट बहुतेक तिथेच संपले होते.

दुसरी गोष्ट त्या 39 या आकड्याची. ती मोजणी 1939 सालची होती.

समुद्राची खोली शतकानुशतकं दोरीने मोजली गेली. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन आणि दोरीवर ठरावीक अंतरावर चामड्याच्या पट्ट्या नि रंगीत कापडाच्या खुणा असत, म्हणजे अंधारातही हाताला खोली कळे. माप फॅदमचं, सहा फुटांचं; आपल्याकडचे मच्छीमार वाव म्हणतात तेवढंच, दोन्ही हात पसरल्यावर भरणारं. शिशाच्या बुडाला खाच असे आणि तिच्यात चरबी भरत. वर ओढल्यावर चरबीला चिकटलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा पाहून तळ कसला आहे ते कळायचं. चार्टवर आकड्यांशेजारी वाळूसाठी S आणि चिखलासाठी M ही अक्षरं दिसतात, ती याच नोंदींच्या परंपरेतली. चरबीला काहीच चिकटलं नाही तर खाली बहुधा खडक.

1584मध्ये लुकास वाखेनार या डच नाविकाने छापील सागरी नकाशांचा जो संग्रह काढला, त्यात किनाऱ्याजवळच्या खोल्यांचे आकडे होते. त्याच वर्षी पीटर ब्रौन्स नावाच्या डच मोजणीदाराने स्पार्ने नदीच्या हस्तलिखित नकाशावर सारख्या खोलीच्या जागा रेषेने जोडल्या. पुढे 1730च्या सुमारास क्रुकियस या डच मोजणीदाराने मेरवेड नदीचा तळ अशाच रेषांनी दाखवला. समखोली रेषा समुद्राच्या चार्टवर सर्रास दिसायला मात्र बराच काळ जावा लागला, आणि त्याचं कारण साधं आहे. रेषा काढायची तर आकडे दाट हवेत. दोन आकड्यांमध्ये शंभर मीटरचं अंतर असेल, तर मधली रेषा नकाशाकार अंदाजानेच ओढतो. तो ती सुरक्षित बाजूला, म्हणजे खोल पाण्याकडे थोडी सरकवून ओढतो, पण जो सुळका मोजणीत सापडलाच नाही त्याला रेषा वळसा कशी घालणार? शिशाचं वजन तळाला टेकतं ती जागा तळहाताएवढी. शेजारी घराएवढा धोंडा असला तरी दोरीला पत्ता लागत नाही. कटीहंकजवळही आकड्यांच्या मधले खडक असेच निसटले.

मोजणीदारांना ही उणीव ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन बोटींमध्ये ठरावीक खोलीवर लांब तार ताणून ती ओढत न्यायची पद्धत रुजली. तार अडकली की तिथे काहीतरी आहे, न अडकता गेली तर तेवढी खोली नक्की मोकळी. अशा झाडून काढलेल्या खोलीच्या आकड्याखाली आजही आडवा कंस दिसतो. नुसत्या आकड्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा.

आकडा वाचताना तो कुठून मोजलाय हेही बघावं लागतं. चार्टवरची खोली त्या क्षणीच्या पाण्याची नसते, ती अगदी खालच्या ओहोटीच्या एका ठरलेल्या पातळीपासूनची असते. भारतीय किनाऱ्याच्या भरती-ओहोटीचा अभ्यास करताना जॉर्ज डार्विन यांनी, म्हणजे चार्ल्स डार्विन यांच्या मुलाने, अशी एक पातळी सुचवली. ती ‘इंडियन स्प्रिंग लो वॉटर’ या नावाने इथल्या बंदरांत रूढ झाली. समजा मुंबई बंदराच्या चार्टवर 4 आणि त्याच्या पायाशी लहान 2 आहे. म्हणजे खोली 4.2 मीटर. भरतीच्या कोष्टकात त्या वेळची उंची 3.5 मीटर असेल, तर प्रत्यक्ष पाणी 7.7 मीटर. हिरवट भागात 1 आणि लहान 5, पण खाली रेघ असेल, तर अर्थ उलटा होतो: ती जागा त्या पातळीच्या 1.5 मीटर वर आहे, ओहोटीला उघडी पडते आणि 3.5 मीटरच्या भरतीला तिच्यावर फक्त दोन मीटर पाणी असतं. ती एक रेघ नजरेतून सुटली तर हिशोब तीन मीटरने चुकतो.

दडलेल्या धोक्यांची चिन्हं देशोदेशी वेगवेगळी होती. 1921मध्ये मोनॅकोत आंतरराष्ट्रीय जलालेखन संस्था उभी राहिली आणि हळूहळू ही चिन्हं एकसारखी झाली. साधी फुली म्हणजे कायम पाण्याखाली असलेला, खोली माहीत नसलेला धोकादायक खडक. फुलीच्या चार कोनांत चार ठिपके असतील, तर खडकाचा माथा बरोबर त्या खालच्या पातळीला टेकलेला. तारका म्हणजे झाकणारा-उघडणारा खडक. भोवती ठिपक्यांची रेघ असली की सांभाळून. शेजारची PA ही अक्षरं जागा अंदाजे असल्याचं सांगतात, तर ED म्हणजे ते अस्तित्वात आहे की नाही याचीच शंका. शंकास्पद धोकाही पुसत नाहीत, कारण तो नसल्याचं सिद्ध करायला तो सगळा तळ शोधावा लागतो.

पडद्यावरच्या चार्टमध्ये एक नवी गोम आली. जहाजावरचा अधिकारी सुरक्षित रेषा, म्हणजे जिच्यापेक्षा उथळ पाण्यात जायचं नाही ती, 12 मीटर ठरवतो, पण त्या चार्टमध्ये 10 आणि 20च्याच रेषा असतील तर यंत्र 20ची धरतं. 14 मीटरचं चांगलं पाणीही मग धोक्याच्या रंगात दिसतं, आणि अशा वेळी वैतागून ठरवलेला 12चा आकडा खाली आणण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्या रंगातले सुटे आकडे वाचायचे आणि मोजणीचा दर्जा दाखवणारा थर उघडायचा. सहा तारका म्हणजे संपूर्ण तळ धुंडाळलेला, दोन तारका म्हणजे मोजणी निकृष्ट, U म्हणजे दर्जा ठरवलेलाच नाही. शिशाच्या दोरीने केलेल्या जुन्या मोजण्या बहुतेक खालच्या दर्जात पडतात. अशा भागात आकड्यावरून नेमकं जायचं नाही. शक्य असेल तर खोल पाण्यातून वळसा घ्यायचा, नाहीतर वेग उतरवायचा आणि तळाखाली स्क्वॉटहून बरंच जास्त पाणी राखायचं.