खांब आखूड झालेला नाही

‘स्केचअपमध्ये घराचं थ्रीडी मॉडेल केलं. पर्स्पेक्टिव्हमध्ये पडवीचा लांबचा खांब आखूड दिसतो. मॉडेलचं माप बिघडलं ना?’

नाही. समजा, गुहागरच्या एका घराच्या पडवीचे दोन्ही खांब ८ फुटी आहेत. कॅमेऱ्यासमोर एक १० फुटांवर, दुसरा २० फुटांवर. पर्स्पेक्टिव्हमध्ये अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा दिसतो. मोजपट्टीचं टूल लावा, दोन्ही ८ फूटच भरतील.

स्केचअपमध्ये `Parallel Projection` निवडलं की अंतराचा परिणाम जातो आणि खांब सारखे दिसतात. पण ‘पॅरलल म्हणजे खरं माप’ हेही अर्धसत्यच. आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही दिशा सारख्याच तिरक्या दिसणाऱ्या कोनातून, तिन्ही दिशांच्या कडा खऱ्या लांबीच्या सुमारे ८२ टक्केच दिसतात. सुताराला प्रिंटवर पट्टी ठेवून मापं घ्यायची असतील, तर पॅरललसोबत `Front` किंवा `Top` व्ह्यू हवा आणि स्केलही ठरवलेलं हवं.